राजगडाची पहाट, शब्दांत बांधलेली

प्रवासाच्या व्हिडिओत निवेदक बोलत असताना मधूनमधून जी दृश्यं येतात, त्यांना बी-रोल म्हणतात. दरीतलं धुकं, झिजलेली पायरी, फडकणारा भगवा, ही ती दृश्यं. आता लिहिलेल्या वर्णनावरून काही सेकंदांची चित्रफीत तयार करणारी एआय साधनं आली आहेत आणि अनेक व्लॉगर त्यांच्याकडून असा बी-रोल करून घेतात. या लिखित वर्णनाला म्हणायचं प्रॉम्प्ट.

‘डोंगरी किल्ल्यावर सूर्योदय, सिनेमासारखा’ एवढंच लिहिलं, तर बहुधा राजस्थानी छत्र्यांचा महाल उगवतो, नाहीतर युरोपातला मनोऱ्यांचा गड. या यंत्रांनी अशीच चित्रं जास्त पाहिलेली असतात. ‘राजगड’ हे नाव घालूनही खात्री नसते. म्हणून नावापेक्षा डोळ्यांना काय दिसतं ते लिहावं लागतं: काळा बेसाल्ट, डोंगराच्या सोंडेवरून नागमोडी जाणारी बुटकी तटबंदी, घुमट नाही, मनोरे नाहीत, पिवळसर वाळलेलं गवत.

राजगडाचं उदाहरण सोयीचं आहे, कारण तिथं दिशा स्पष्ट आहेत. मधोमध बालेकिल्ला, उत्तरेला पद्मावती माची, नैर्ऋत्येला संजीवनी माची आणि पूर्वेच्या अंगाला सुवेळा. बालेकिल्ल्यावरून सुवेळेकडे पाहिलं, की सूर्य समोर येतो आणि माची काळ्या आकृतीसारखी दिसते. पाठ फिरवून संजीवनीकडे पाहिलं, तर तिच्या तटावर कोवळं ऊन पडलेलं असतं. एकाच पहाटेचे हे दोन वेगळे प्रकाश आहेत. प्रॉम्प्टमध्ये प्रकाश कुठून येतो हे सांगितलं नाही, तर यंत्र प्रत्येक तुकड्यात सूर्य हवा तिथं टांगतं.

अनुभवी मंडळी म्हणून प्रॉम्प्टचे दोन भाग करतात. पहिला भाग प्रत्येक शॉटला शब्दशः तोच:

‘नोव्हेंबरची पहाट, सूर्य नुकताच क्षितिजावर, तिरपं सोनेरी ऊन, लांब सावल्या. सह्याद्रीतला काळ्या बेसाल्टचा किल्ला, बुटकी वळणदार तटबंदी, वाळकं गवत, दरीत पातळ धुकं, डावीकडून मंद वारा. माणसं नाहीत, पाट्या नाहीत, घुमट नाहीत.’

दुसरा भाग शॉटगणिक बदलतो. पहिला वाइड: ‘उंचावरून पूर्वेकडे, सूर्य समोर, माची काळ्या आकृतीत, कॅमेरा अगदी सावकाश पुढे.’ दुसरा इन्सर्ट: ‘गवताच्या पात्यावरचं दव, अगदी जवळून, मागून ऊन, कॅमेरा स्थिर.’ तिसरा इन्सर्ट: ‘झिजलेली दगडी पायरी, ऊन बाजूनं, खाचांत सावली, कॅमेरा डावीकडून उजवीकडे.’ चौथा मध्यम अंतराचा: ‘तटाच्या जंगीतून दिसणारी दरी.’ पाचवा पुन्हा वाइड: ‘सूर्य पाठीशी, उजळलेली तटबंदी, कॅमेरा हळूहळू मागे.’

आधी जागा कळते, मग हाताच्या अंतरावरची वस्तू दिसते आणि शेवटी नजर पुन्हा मोकळी होते. वाइड शॉट वाचायला डोळ्यांना वेळ लागतो, म्हणून संकलनात त्याला चार-पाच सेकंद द्यावेत. दवाच्या थेंबाला दोन पुरतात. एका शॉटमध्ये कॅमेऱ्याची एकच हालचाल मागावी. ‘पुढे जा, वळ आणि वर उचल’ असं लिहिलं, की तट वितळल्यासारखा वाकतो.

आलेली फीत आवाज बंद करून, थांबवत थांबवत पाहावी. सावल्या सूर्याच्या उलट दिशेलाच पडल्यात का? झेंडा आणि गवत एकाच दिशेनं हलतात का? कॅमेरा सरकताना पायऱ्यांची संख्या बदलते का? दोन दगडांमधला सांधा मध्येच नाहीसा होतो का? वाइडमध्ये या चुका जास्त सापडतात, कारण तिथं यंत्राला असंख्य तपशील एकाच वेळी सांभाळायचे असतात. इन्सर्टमध्ये चौकट लहान असते, त्यामुळे ते जास्त विश्वासार्ह निघतात.

खरी मर्यादा इथंच आहे. दव कुठल्याही गवतावरचं चालतं, पण सुवेळा माचीवरचं नेढं किंवा संजीवनीची दुहेरी चिलखती तटबंदी यंत्राला अंदाजानंच रचावी लागते. राजगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे आणि त्याची बांधणी ओळखणारे ट्रेकर हजारोंनी आहेत. त्यांना खोटा बुरूज लगेच कळतो. न कळणाऱ्या प्रेक्षकाची तर सरळ दिशाभूल होते.

त्यामुळे गडाची ओळख पटवणारे वाइड शॉट स्वतः पहाटे चढून घ्यावेत आणि यंत्राकडून फार तर दव, धुकं, गवत असे इन्सर्ट घ्यावेत. खरा वाटेल असा कृत्रिम शॉट वापरलाच, तर यूट्यूबवर चढवताना तसं जाहीर करावं. हा नियम मार्च २०२४ पासून लागू आहे.