मुदत रॅकवर, किंमत वहीत
साठ्याचा हिशेब : हप्ता सहावा

खाणपट्ट्यातल्या खनिजाच्या ढिगांचं मूल्य कसं काढतात, हे आज यायचं होतं. तो विषय एक आठवडा पुढे गेला आहे. कारण डिचोलीहून एका घाऊक औषध विक्रेत्याचं पत्र आलं, आणि त्याला दोन ओळींचं उत्तर देऊन भागण्यासारखं नाही.

पत्रातला प्रश्न असा : ‘मागच्या हप्त्यात फिफो वाचलं, म्हणजे आधी आलेला माल आधी बाहेर. आमच्या धंद्यात मात्र ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी जातो, मग तो काल आलेला का असेना. मग आमची वहीही तशीच लिहायची का? आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर बॅचप्रमाणे नफा दाखवतं, आणि लेखापरीक्षक वेगळाच आकडा काढतात.’

औषधांच्या गोदामात मुदतीचा नियम, म्हणजे फेफो, हाच योग्य नियम आहे. त्याबद्दल वाद नाही. अडचण तिथून पुढे सुरू होते, आणि ती एका स्कीममधून कशी उभी राहते ते एका औषधावर पाहू. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत.

जानेवारीत विक्रेत्याने एका सिरपची ११० खोकी प्रत्येकी ४४० रुपयांनी घेतली. मुदत पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंतची. फेब्रुवारीत कंपनीच्या माणसाने ‘दहावर एक’ची स्कीम दिली. शंभर खोक्यांचे पैसे, वर दहा फुकट. ४४ हजारांत ११० खोकी आली, म्हणजे खोकं ४०० रुपयांना पडलं. स्कीम उगाच मिळत नाही. या बॅचची मुदत त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंतच होती. मार्चमध्ये ११० खोकी ५०० रुपयांनी विकली गेली. विक्री ५५ हजार, आणि ३१ मार्चला ११० खोकी शिल्लक.

आता नफा किती? फिफोने लिहिलं तर जानेवारीचा माल आधी गेला असं धरायचं. खर्च ४८,४०० रुपये, नफा ६,६००. सरासरी दराने लिहिलं तर २२० खोक्यांचे ९२,४०० रुपये, म्हणजे खोक्याला ४२० रुपये. त्यावर नफा ८,८००. आणि सॉफ्टवेअरने प्रत्यक्ष गेलेल्या बॅचची किंमत धरली, तर फेब्रुवारीचा ४०० रुपयांचा माल गेला. नफा ११ हजार. खोकी तीच, गिऱ्हाईक तेच, पैसे तेवढेच आले. तरी नफ्यात ४,४०० रुपयांचा फरक पडला.

हा फरक कायमचा नसतो. उरलेली ११० खोकी पुढच्या वर्षी त्याच ५०० रुपयांनी गेली, तर फिफोवाल्याला ११ हजार मिळतील, बॅचवाल्याला ६,६०० आणि सरासरीवाल्याला पुन्हा ८,८००. दोन वर्षांची बेरीज तिघांचीही १७,६०० च भरते. पद्धत नफा वाढवत नाही, तो कोणत्या वर्षात दिसेल एवढंच ठरवते. पण आयकर वर्षागणिक भरायचा असतो, आणि बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादाही शिल्लक मालाच्या किमतीवर ठरते. म्हणून ३१ मार्चचा आकडा महत्त्वाचा.

मग कोणता आकडा खरा? भारतातलं साठ्याच्या मूल्यांकनाचं लेखामानक, क्रमांक २, याचं उत्तर देतं. ज्या वस्तू एकमेकींच्या जागी चालत नाहीत, त्यांची किंमत नगानगाने धरायची. ज्या सहज अदलाबदल होऊ शकतात, त्यांना फिफो किंवा भारित सरासरी. फेफो हे किंमत काढण्याचं सूत्र म्हणून त्यात नाहीच. तो माल हलवण्याचा नियम आहे. एकसारख्या वस्तूंच्या मोठ्या साठ्यात नगानगाची किंमत का नको, याचं कारणही मानकात आहे. कोणता नग गेला असं दाखवायचं हे मालकाच्या हातात राहिलं, तर नफाही त्याच्या हातात राहतो. मार्चमध्ये कर कमी हवा असेल तर महागडी बॅच बिलावर टाकायची, बँकेला नफा दाखवायचा असेल तर स्वस्तातली.

ही शंका कागदावरची नाही. औषधांच्या दुकानांत बिलावर एक बॅच आणि गिऱ्हाइकाच्या हातात दुसरी, असं घाईत होतं. ते ओळखायची खूण सोपी आहे : संगणक ज्या बॅचची खोकी शिल्लक दाखवतो ती रॅकवर नसते, आणि रॅकवरची बॅच संगणकात संपलेली असते. एकूण मोजणी जुळते, म्हणून कोणी खोलात जात नाही. कंपनीने एखादी बॅच परत मागवली किंवा मुदत संपलेला माल परत पाठवायचा झाला, की ही चूक अंगाशी येते.

म्हणून डिचोलीच्या वाचकाला सरळ उत्तर : बॅच आणि मुदत यांची नोंद ठेवा, माल मुदतीप्रमाणेच काढा, आणि ताळेबंदासाठी किंमत फिफोने किंवा सरासरीने धरा. लेखापरीक्षकांचा वेगळा आकडा यातूनच आलेला असणार.

मुदतीचा परिणाम वहीत येतो, पण दुसऱ्या दारातून. साठा खर्चाच्या किमतीला किंवा विकून हाती येईल त्या रकमेला, यांतल्या कमी आकड्याला धरायचा असतो. समजा, नोकराने मुदत न पाहता जानेवारीचीच खोकी आधी काढली. ३१ मार्चला ऑगस्टची ११० खोकी शिल्लक, आणि त्यांतल्या ३० खोक्यांना किरकोळ दुकानदार हात लावणार नाहीत असं दिसतंय. कंपनी परतीला खोक्यामागे १०० रुपयेच देणार. तर त्या ३० खोक्यांचं मूल्य ४०० वरून १०० वर आणावं लागेल. नऊ हजार रुपये कमी. फिफोचा ६,६०० रुपयांचा नफा जाऊन २,४०० रुपयांचा तोटा दिसेल. किंमत काढायच्या तिन्ही रीतींत मिळून जो फरक पडला, त्याच्या दुपटीहून अधिक फरक रॅकवरच्या एका हलगर्जीने पाडला.

पेडण्यातल्या काजू कारखान्यात चित्र उलटं असतं. साधारण फेब्रुवारी ते मे या हंगामात बिया येतात, दर आठवड्यागणिक हलतो, आणि त्या बिया खळ्यावर वाळवून गोणींत भरून वर्षभर फोडायच्या असतात. एक किलो गरासाठी साधारण चार किलो बिया लागतात. त्यामुळे बियांच्या दरातला किलोमागे पाच रुपयांचा फरक गराच्या किमतीत वीस रुपयांचा होतो. मार्चच्या आणि मेच्या बिया खळ्यावर एक झाल्यावर कोणती गोण आधी फुटली हे सांगणं खोटंच ठरतं. इथे भारित सरासरी हीच प्रामाणिक रीत. मात्र आफ्रिकेतून आलेल्या बिया त्याच सरासरीत ढकलू नयेत. गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर हे दोन माल एकमेकांच्या जागी चालत नाहीत. त्यांची गोदामंही वेगळी हवीत आणि सरासरीही वेगळी.

एक पद्धत धरली की ती दरवर्षी पाळायची. बदलायची तर सबळ कारण लागतं, आणि बदलामुळे नफा किती हलला हे हिशेबासोबत जाहीर करावं लागतं. पेडणे-डिचोलीच्या ज्या वाचकांनी पहिल्यांदाच ताळेबंद मांडायला घेतला आहे, त्यांनी ३१ मार्चची मोजणी बॅच आणि मुदतीसह, माल हातात घेऊन करावी, आणि मोजणीच्या कागदावर त्याच दिवशी सही घ्यावी.