मंगळवार, गुरुवार घरून

"सर, प्रवासात रोज चार तास जातात. आयटीवाल्यांना वर्क फ्रॉम होम मिळतं, मग अकाउंट्सला का नाही?" या वाक्यात खोटं काहीच नाही. तरीही मॅनेजरला त्याचं काय करावं ते कळत नाही, कारण त्यात त्याच्या कामाचा शब्दही नाही. वर दुसऱ्या विभागाशी तुलना आली की तो मागणीचा विचार करायचं सोडून त्या फरकाचा बचाव करायला लागतो.

समजा, बदलापूरहून लोअर परळला येणारी एक अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह आहे. तिच्या मॅनेजरच्या मनात चारच शंका असतात. व्हेंडरची कागदी बिलं कोण घेणार? डिजिटल सहीचा डोंगल तर ऑफिसच्या कपाटात असतो. ऑडिटरने अचानक व्हाउचर मागितलं तर? आणि हिला दिलं की उद्या सगळेच मागतील. चौथी शंका तो बोलून दाखवत नाही, पण नकार बहुधा तिच्यापोटीच येतो.

म्हणून अर्जाआधी तिने महिन्याचं कॅलेंडर समोर घ्यावं. ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ला जीएसटीआर-१, २०ला ३बी. या तारखांच्या आसपास तिची जागा ऑफिसातच. मात्र १४ला टू-बी आलं की खरेदीच्या बिलांशी त्याचा मेळ घालणं, व्हेंडरची लेजर जुळवणं, एमआयएस करणं ही कामं लॅपटॉप आणि व्हीपीएनवर होतात. शिवाय ती शांतपणे केली तर चुका कमी होतात. घरून काम मागायचं ते या कामांसाठी.

मग मेल असा होतो :

"सर, लेजर जुळवणी, टू-बीचा मेळ आणि एमआयएस ही कामं मंगळवारी व गुरुवारी घरून करावीत, असा विचार आहे. प्रवासाचा वेळ वाचल्याने माझी ओढाताण कमी होईल. ७, ११ आणि २० तारखेला व त्यांच्या आदल्या दिवशी, तसंच ऑडिट चालू असताना, वार कोणताही असो, मी ऑफिसात असेन. घरी असेन त्या दिवशीची कागदी बिलं दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदवीन. सहा आठवडे करून पाहू या का? एखादी जुळवणी लांबली किंवा कुणाला माझ्यासाठी थांबावं लागलं, तर पूर्वीसारखं करू. यात तुम्हाला कुठे अडचण दिसते?"

प्रवासाचं कारण एका वाक्यात आलंय, लपवलेलं नाही आणि ताणलेलंही नाही. "त्रासाबद्दल क्षमस्व", "कृपया सहानुभूतीने विचार व्हावा" ही शाळेच्या रजेच्या अर्जाची भाषा गाळली आहे. त्या भाषेने विनंती नम्र होत नाही, केविलवाणी होते. चौथ्या शंकेला उत्तरही त्यातच आहे. उद्या दुसऱ्या कुणी मागितलं, तर मॅनेजर त्यालाही आधी तारखांचा असाच हिशोब मागू शकतो.

"हक्क" हा शब्दही नाही, आणि त्याला कायद्याचं कारण आहे. भारतात खासगी नोकरदाराला घरून काम मिळण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क नाही. २०१७च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात प्रसूती रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद आली. पण तीही कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोन्ही बाजूंचं जमलं तरच. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अर्ज करता येतो, मात्र तिथेही हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नव्हे.

सहा आठवड्यांची मुदत मेलमधली सर्वांत कामाची गोष्ट. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर सहा महिन्यांचा प्रयोग झाला. त्यात फायनान्स-अकाउंट्सचे लोकही होते. अर्ध्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलं. २०२४ साली 'नेचर'मध्ये आलेल्या या अभ्यासात त्यांच्या कामगिरीत घट दिसली नाही आणि राजीनामे एक तृतीयांशाने घटले. पण इथे महत्त्वाचे आहेत ते मॅनेजर. आधी त्यांचा सरासरी अंदाज होता, उत्पादकता २.६ टक्क्यांनी घसरेल. प्रयोगानंतर तेच म्हणू लागले, सुमारे १ टक्क्याने वाढते. त्यांचं मत वादाने नव्हे, करून पाहिल्याने बदललं. त्यामुळे हा अभ्यास मेलला जोडण्यात फारसा अर्थ नाही.

एवढं करूनही "नाही" येऊ शकतं. तेव्हा "नेमकं कोणतं काम अडेल?" एवढंच विचारावं. उत्तर "एचआरची पॉलिसी" असेल, तर मॅनेजरला पुढे पाठवता येईल असा तोच मेल तयार असतो. उत्तर "गुरुवारी पेमेंट रन असतो" असं असेल, तर बुधवार सुचवता येतो. तोंडी होकार मिळाला, तर त्याच दिवशी ठरलेले वार, वगळलेल्या तारखा आणि आढाव्याचा दिवस लिहून मेल टाकावा. मॅनेजर बदलला की तोंडी होकाराचा माग उरत नाही.