बाराशे ग्रॅमच्या बाळाची कॉफी

एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, १.२ किलो वजनाचं बाळ काचेच्या पेटीत झोपलेलं असतं. अचानक मॉनिटर वाजतो. वीस सेकंद उलटले तरी छाती हललेली नाही, नाडीचे ठोकेही मंदावलेत. सिस्टर तळपायाला हलकीशी टिचकी मारतात आणि बाळ पुन्हा श्वास घेऊ लागतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असल्यामुळे असं होतं. याला ॲप्निया म्हणतात. त्यावरचं औषध म्हणजे कॅफीन सायट्रेट. हो, कॉफीतलंच कॅफीन!

पहिला डोस मोठा असतो: किलोमागे २० मिलिग्रॅम. आपल्या बाळाला २४ मिलिग्रॅम. औषध बहुधा एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम अशा ताकदीचं मिळतं, म्हणजे १.२ मिलिलिटर. ते सलाइनच्या पंपाने अर्ध्या तासात हळूहळू शिरेतून देतात. चोवीस तासांनी रोजचा डोस सुरू होतो: किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ६ मिलिग्रॅम, अवघं ०.३ मिलिलिटर. गरज भासल्यास डॉक्टर तो किलोमागे १० पर्यंत नेतात. वजन वाढलं की हिशेब पुन्हा मांडायचा.

घोळ होतो तो नावात. सायट्रेट हा क्षार आहे आणि त्यात शुद्ध कॅफीन निम्मंच असतं. २० मिलिग्रॅम सायट्रेट म्हणजे १० मिलिग्रॅम कॅफीन. एकाने कागदावर नुसतं ‘कॅफीन २० प्रति किलो’ लिहिलं आणि दुसऱ्याने ते शब्दशः घेतलं, तर १.२ऐवजी २.४ मिलिलिटर जाईल. माझ्या मते ‘सायट्रेट’ हा शब्द न लिहिलेला डोस सिस्टरांनी सरळ परत पाठवावा.

जास्त गेलेलं औषध लवकर उतरतही नाही. मोठ्यांच्या शरीरातलं निम्मं कॅफीन साधारण पाच तासांत संपतं. या बाळांचं यकृत अपक्व असल्याने त्याला तीन-चार दिवस लागतात. म्हणूनच डोस दिवसातून एकदाच. ठरलेल्या डोसात सहसा त्रास होत नाही, त्यामुळे रक्तातली पातळी रोज तपासत नाहीत. डोळा असतो तो नाडीवर. बाळ शांत असतानाही ठोके मिनिटाला १८०च्या वर राहिले, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारतात. बहुतेकदा तो थांबवला जातो. हातपाय थरथरणं, चिडचिड, उलट्या, दूध न पचणं ही इतर लक्षणं. फार जास्त झालं तर झटके येतात. अशी शंका आली की मात्र पातळी तपासतात.

साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास, ॲप्निया थांबलेला असेल तर, औषध बंद करतात. आईवडिलांना वाटतं, आता उद्या घरी. पण औषध रक्तातून ओसरायला वेळ लागतो, म्हणून त्यानंतरही पाच ते सात दिवस बाळाला मॉनिटरवर ठेवतात. तेवढी कळ काढा.