गाडीतून फ्रिज चालवताना

टाटाच्या नेक्सॉन ईव्हीतल्या मोठ्या बॅटरीत ४५ युनिटांच्या आसपास वीज मावते आणि तिची मोटर शंभर किलोवॅटहून अधिक ताकद काढते. तरीही तिच्यावर इंडक्शन आणि इलेक्ट्रिक किटली एकदम लावली, तर पुरवठा बंद पडण्याचीच शक्यता जास्त. कारण बाहेरच्या उपकरणांसाठी ही गाडी ३.३ केव्हीएपर्यंतच वीज देते.

बॅटरीत असते डीसी वीज, घरातली उपकरणं चालतात २३० व्होल्ट एसीवर. घरी गाडी चार्ज करताना भिंतीवरचा डबा गाडीला फक्त किती करंट घ्यायचा ते सांगतो. एसीचं डीसी करणारा खरा चार्जर गाडीतच असतो. उपकरणं चालवायची तर हेच काम उलट्या दिशेने व्हावं लागतं. पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांतले चार्जर एकाच दिशेने चालणारे असल्याने त्यांना ही सोय नव्हती, आणि ती नुसती केबल विकत घेऊन मिळतही नाही. सोय असलेल्या गाडीत चार्जिंगच्या तोंडाला खास अडॅप्टर लावायचा. त्यातल्या ठरावीक रोधावरून गाडी ओळखते की आता वीज घ्यायची नाही, द्यायची आहे.

समजा, रात्री वीज गेली. फ्रिज, दोन पंखे, दिवे आणि वायफाय मिळून सरासरी २५० वॅट लागतात. पण गाडी जागी राहिली की तिचे संगणक आणि इतर यंत्रणाही वीज खातात. ती २०० वॅट धरू. दहा तासांत साडेचार युनिटं गेली, म्हणजे बॅटरीचा दहावा हिस्सा, अंदाजे तीस किलोमीटरचा प्रवास. नुसता मोबाइल चार्ज करायला हा खटाटोप तोट्याचा, कारण उपकरणापेक्षा गाडीच जास्त खाते. फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा पाण्याचा पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. त्यामुळे लेबलवरचे वॅट मर्यादेत बसूनही पुरवठा तुटू शकतो. तसं झालं तर बाकीचं बंद करून आधी मोटरचं उपकरण लावून पाहावं.

खरा धोका वेगळाच आहे. दोन्ही टोकांना पिन असलेली केबल करून गाडीची वीज भिंतीच्या सॉकेटात सोडण्याचा उद्योग कुणीही करू नये. ती वीज मीटरमधून बाहेरच्या तारांत जाऊ शकते, आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या लेखी ती लाइन बंद असते. मुख्य वीज अचानक परतली तर गाडीतला महागडा कन्व्हर्टरही जळू शकतो. उपकरणं अडॅप्टरला लावलेल्या जाड तारेच्या एक्स्टेन्शन बोर्डावरच जोडावीत. घराच्या वायरिंगला वीज द्यायचीच असेल, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा, आणि त्याआधी गाडीच्या पुस्तिकेत तशी जोडणी चालते का ते पाहावं. काही कंपन्या ती स्पष्ट नाकारतात.