'साठ-चाळीस' खरंच ठरलं होतं का?

समजा, संदीप आणि सुनीताताई यांनी भागीदारीत दिवाळीच्या फराळाचा धंदा सुरू केला. पैसे संदीपचे, स्वयंपाकघर आणि हात ताईंचे. कागद काहीच केला नाही. पुढे वाद झाला तेव्हा हाती राहिलं ते फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं.

संदीपचा पहिला संदेश : "ताई, काल बोललो तसं साठ-चाळीस ठेवू." ताईंचं उत्तर : "आधी ऑर्डरी तर येऊ देत रे, मग बघू."

संदीप हाच पुरावा म्हणून दाखवतो. माझ्या मते एवढ्यावर काहीच ठरत नाही. 1872 च्या करार कायद्यानुसार होकार बिनशर्त लागतो, आणि "मग बघू" हा होकार नव्हे, ती पुढे ढकलणी आहे. "काल बोललो तसं" यावरून काल बोलणं झालं एवढंच कळतं. ताईंनी काल मान डोलावली होती का, हे त्यातून कळत नाही.

पण बोलणं तिथेच संपत नाही. दिवाळीनंतर संदीप हिशेब पाठवतो : "विक्री 3 लाख, खर्च 2 लाख 10 हजार, नफा 90 हजार. तुमचे चाळीस टक्के, 36 हजार, पाठवले." ताई लिहितात, "मिळाले, हिशेब बरोबर आहे." इथे पारडं फिरतं. 1932 चा भागीदारी कायदा सांगतो की भागीदारांमधला करार त्यांच्या व्यवहाराच्या रीतीवरूनही निघू शकतो. टक्केवारी समोर मांडली गेली, पैसे घेतले गेले आणि हिशेब मान्य झाला, म्हणून त्या दिवाळीपुरतं साठ-चाळीस ठरलं असं मी म्हणेन. ताईंनी नुसतं "मिळाले" लिहिलं असतं, तर हे इतक्या ठामपणे म्हणता आलं नसतं.

तरी एक गोष्ट सुटलेलीच आहे, आणि भांडणं बहुधा तिच्यावरूनच होतात : टक्के कशाचे? ताईंची 20 हजार मजुरी आधी वजा केली, तर नफा 70 हजार उरतो. मग ताईंना मजुरी धरून 48 हजार मिळतात. चॅटमध्ये मजुरीचा उल्लेख नाही. मान्य झालेल्या हिशेबात ती धरलेली नव्हती, म्हणून त्या हंगामापुरता हा मुद्दा ताईंच्या विरुद्ध जातो.

पुढच्या वर्षी ताई निम्मा वाटा मागतात. एका हंगामाचा हिशेब कायमचा करार ठरतोच असं नाही. वाटा ठरल्याचं सिद्ध झालं नाही, तर कलम 13 प्रमाणे नफा सारखा वाटला जातो, भांडवल कुणाचं कितीही असो. म्हणून यंदाही साठ-चाळीसच होतं हे दाखवण्याची जबाबदारी संदीपची.

तुमची भागीदारी अशीच तोंडी असेल, तर आजच एक संदेश पाठवा : कुणाला किती टक्के, कोणता खर्च वजा करून, कधीपर्यंत आणि तोटा कसा वाटायचा. समोरच्याकडून "मान्य आहे" हे शब्द लिहून घ्या. आणि वाद कोर्टात गेला, तर चॅटच्या छापील प्रतीबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे ते संभाषण फोनमधून पुसू नका.