हप्ता चुकला, अल्बम अडला

साताऱ्यातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरला दुसऱ्या दिवशी अल्बम द्यायचा होता. रात्री निवडलेले फोटो क्लाउडवर चढेनात. जुने फोटो मात्र उघडत होते, उतरवूनही घेता येत होते. म्हणजे दोष इंटरनेटचा नव्हता. पैसे न मिळाल्याने कंपनीने नवं काही साठवणं बंद केलं होतं. वर्षाचं शुल्क १८,००० रुपये. आपोआप कापली जाणारी अशी रक्कम १५,००० रुपयांच्या वर असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दर वेळी ओटीपी द्यावा लागतो. बँकेचा संदेश हळदीच्या गडबडीत वाचायचा राहिला होता. त्याने लगेच पैसे भरले, तरी कुलूप उघडेना. सुदैवाने मूळ फोटो हार्डडिस्कवर होते. पहाटेपर्यंत त्याने सगळे पेनड्राइव्हवर उतरवले आणि नवरीच्या घरी नेऊन दिले.