पिन विसरलात? आधी चार्जर लावा!

‘डेटासकट लॉक उघडून देतो’ असं एखाद्या मोबाइल रिपेअरवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, तर जरा थांबा. 2019 मध्ये अँड्रॉइड 10 आलं. तेव्हापासून बाजारात आलेल्या नव्या अँड्रॉइड फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतो. त्या कुलपाची किल्ली तुमचा पिन आणि फोनच्या चिपमधलं एक गुपित, अशी दोन्ही मिळून बनते. पिन नाही तर किल्ली नाही. दुकानदार बहुतेक वेळा फोन उघडून देतो खरा, पण कोराकरकरीत!

माझ्या एका मैत्रिणीचंच घ्या. शनिवारी रात्री नऊला तिने पिन बदलला आणि रविवारी सकाळी चक्क विसरली. बोटाच्या ठशाने फोन उघडत होता, त्यामुळे बाईसाहेब निवांत. पण नुसत्या ठशावर अँड्रॉइड जास्तीत जास्त 72 तास चालतं, मग पिन मागतंच. म्हणजे मंगळवारी रात्री नऊला तिची मुदत संपणार होती. त्याआधी बॅटरी संपली किंवा कुणी रिस्टार्ट केलं, तर तिथेच खेळ खल्लास. कारण फोन नव्याने सुरू झाला की पहिल्यांदा पिनच लागतो.

म्हणून आम्ही आधी चार्जर लावला. मग ठशाने फोन उघडून केबलने लॅपटॉपला जोडला, File transfer निवडलं आणि DCIM फोल्डरमधले सगळे फोटो कॉपी केले. व्हॉट्सअ‍ॅपच्या Chat backup मध्ये जाऊन Back up दाबलं. कॉन्टॅक्ट्स गुगल अकाउंटवर आहेत ना, तेही पाहिलं. शेवटी लॅपटॉपवर त्याच अकाउंटमध्ये लॉग-इन करून पासवर्ड तपासला. हे फार महत्त्वाचं, कारण जबरदस्तीने रिसेट केलेला फोन सुरू होताना जुनं गुगल अकाउंट मागतो. तो पासवर्डही आठवत नसेल, तर फोन हातात असून नसल्यासारखा.

सेटिंग्जमधून रिसेट करायलाही पिन लागतो. त्यामुळे फोन बंद करून रिकव्हरी मेनूतलं Wipe data/factory reset निवडावं लागलं.

मग गेलं काय? फोनमध्येच ठेवलेली आणि कुठेही कॉपी नसलेली प्रत्येक गोष्ट. मैत्रिणीचे रेकॉर्डिंगचे अ‍ॅप आणि त्यातले आवाज गेले ते गेलेच. यूपीआयचे पैसे बँकेत असतात, ते सुरक्षित; फक्त अ‍ॅपची नोंदणी पुन्हा करायची.

आणखी एक मेख आहे. एसएमएस, कॉल लॉग आणि अ‍ॅपचा डेटा यांचा गुगल बॅकअप जुन्या फोनच्या स्क्रीन लॉकनेच बंद केलेला असतो. तो परत घेताना विसरलेला पिनच विचारला जातो! बॅकअप आहे म्हणून निश्चिंत असाल, तर हा हिशेब आधीच मांडून ठेवा.